पाण्यातलं फॉस्फेट मोजताना: निळा रंग, घड्याळ आणि आर्सेनेट

फ्लास्क एकच, पाणी एकच, यंत्रही एकच. रसायन घातल्यावर १० मिनिटांनी उत्तर आलं ०.०४६ मिग्रॅ/लिटर आणि ३० मिनिटांनी ०.०६४. पद्धत सांगते की १० ते ३० मिनिटांच्या आत कधीही वाचन घ्या. म्हणजे दोन्ही वाचनं नियमात बसतात, पण दोन्ही बरोबर असू शकत नाहीत. पुढे कळलं की दोन्ही चूक होती. त्या पाण्यात फॉस्फेटच्या रूपातलं फॉस्फरस फक्त ०.०३० मिग्रॅ/लिटर होतं.

हा नमुना एका बोअरवेलचा होता आणि त्यात आर्सेनिक होतं. मॉलिब्डेनम निळ्याची पद्धत मी करतो ती कशी, आणि त्यात रंग पिकायला लागणारा वेळ आणि आर्सेनेटची, म्हणजे फॉस्फेटसारख्या रूपातल्या आर्सेनिकची, लुडबुड या दोन गोष्टी एकमेकींत कशा गुंतलेल्या आहेत, हे या नमुन्याच्या आधारे सविस्तर लिहितो.

## निळा रंग येतो कसा

आम्लात ऑर्थोफॉस्फेट आणि मॉलिब्डेट एकत्र आले की एका फॉस्फरसभोवती मॉलिब्डेनमचे बारा अणू जमतात आणि फिकट पिवळं फॉस्फोमॉलिब्डिक आम्ल तयार होतं. हा पिवळा रंग इतका फिका असतो की कमी फॉस्फेट असलेल्या पाण्यात त्यावर मोजणी करता येत नाही. म्हणून क्षपणक घालायचा. तो या संयुगाला इलेक्ट्रॉन देतो आणि गडद निळा रंग उमटतो. हा निळा रंग ८८० नॅनोमीटरवर, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या थोडा पलीकडे, सर्वांत जास्त प्रकाश शोषतो.

क्षपणक कोणता यावर घड्याळ ठरतं. स्टॅनस क्लोराइड झटपट काम करतं, पण त्याचा रंग टिकत नाही. त्या पद्धतीत १० ते १२ मिनिटांच्या मधल्या दोन मिनिटांतच वाचन उरकावं लागतं आणि तापमान एका अंशाने बदललं तर उत्तर साधारण एका टक्क्याने हलतं. अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचा रंग टिकाऊ असतो, पण एकट्याने ते फार सावकाश काम करतं. मर्फी आणि रायली यांनी १९६२ मध्ये त्यात अँटिमनीचं क्षार घातलं. अँटिमनी त्या निळ्या संयुगाचाच भाग बनतं, त्यामुळे रंग काही मिनिटांत पुरा होतो आणि नंतर तासभर जागचा हलत नाही. आज बहुतेक ठिकाणी हीच पद्धत चालते, आणि मी लिहितोय तीही हीच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. क्षपणक मोकळ्या मॉलिब्डेटलाही निळं करू शकतो. त्याला रोखतं ते आम्ल. हायड्रोजन आयन आणि मॉलिब्डेनम यांचं गुणोत्तर ७० च्या आसपास असलं की फक्त फॉस्फेटला धरून असलेलं मॉलिब्डेट निळं होतं. आम्ल कमी पडलं तर नुसत्या शुद्ध पाण्याचा ब्लँकच निळा पडतो आणि सिलिकाही रंग देऊ लागते. आम्ल जास्त झालं तर रंग रेंगाळतो आणि पूर्ण येत नाही. खाली दिलेली मापं हे गुणोत्तर साधूनच ठरलेली आहेत. म्हणून एखादं द्रावण ‘थोडं जास्तच घालू’ असं इथे चालत नाही.

## द्रावणं

सल्फ्युरिक आम्ल, ५ नॉर्मल: ७० मिलि तीव्र आम्ल सावकाश पाण्यात ओतून, गार करून ५०० मिलि करा. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही.

पोटॅशियम अँटिमनी टार्ट्रेट: १.३७१५ ग्रॅम, ५०० मिलि पाण्यात. काचेचं बूच असलेल्या बाटलीत ठेवा. हे विषारी आहे.

अमोनियम मॉलिब्डेट: २० ग्रॅम, ५०० मिलि पाण्यात.

अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, ०.१ मोलर: १.७६ ग्रॅम, १०० मिलि पाण्यात. फ्रीजमध्ये ४ अंशांवर आठवडाभर टिकतं. पिवळसर झालं की टाकून द्या.

या चारांपासून मिश्र द्रावण त्याच दिवशी करायचं. १०० मिलिसाठी ५० मिलि सल्फ्युरिक आम्ल, ५ मिलि अँटिमनी, १५ मिलि मॉलिब्डेट आणि ३० मिलि अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, याच क्रमाने. प्रत्येक भर टाकल्यावर ढवळा. आधी सगळी द्रावणं खोलीच्या तापमानाला आलेली हवीत. मिश्रण किंचित गढूळ झालं तर हलवून काही मिनिटं ठेवा, ते निवळतं. तयार द्रावण फिकट पिवळं दिसतं आणि चार तास चालतं. त्यात निळी-हिरवी झाक दिसली तर कुठेतरी फॉस्फेट शिरलंय किंवा आम्ल कमी पडलंय. ते वापरू नका.

स्टँडर्डसाठी वाळवलेलं पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट २१९.५ मिलिग्रॅम घेऊन एक लिटर करा. याच्या एका मिलिलिटरमध्ये ५० मायक्रोग्रॅम फॉस्फरस येतं. त्यातले ५० मिलि पुन्हा एक लिटर केले की २.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि असं कामाचं स्टँडर्ड मिळतं.

एककाबद्दल इथेच सांगतो, कारण या एका कारणाने तिप्पट चुकीचे अहवाल गेलेले मी पाहिलेत. या लेखातले सगळे आकडे फॉस्फरसचे आहेत, फॉस्फेट आयनाचे नाहीत. फॉस्फेट आयनात हवे असतील तर ३.०६६ ने गुणा आणि अहवालात कुठलं एकक आहे ते शब्दांत लिहा.

## भांडी आणि नमुना

भांडी धुवायच्या साबणात फॉस्फेट असू शकतं आणि काच ते धरून ठेवते. या कामाचे फ्लास्क वेगळे ठेवा, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवा आणि शुद्ध पाण्याने अनेकदा विसळा. फ्लास्क चांगला आहे की नाही हे पाहायचं असेल तर त्यात नुसतं शुद्ध पाणी घेऊन रंग उमटतो का ते बघा.

विरघळलेलं फॉस्फेट मोजायचं असेल तर नमुना घेतल्या घेतल्या ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. फिल्टर आधी शुद्ध पाण्याने धुऊन घ्या. भूजलात ‘लगेच’ या शब्दाला फार वजन आहे. जमिनीखाली पुष्कळदा ऑक्सिजन नसतो, तिथे लोह विरघळलेल्या रूपात असतं. पाणी वर येऊन हवा लागली की तेच लोह तांबूस गाळ होऊन बसतं आणि जाताना फॉस्फेट आणि आर्सेनेट दोन्ही सोबत घेऊन जातं. बाटलीच्या तळाशी तांबूस थर दिसला, तर वरच्या नितळ पाण्यातलं उत्तर विहिरीतल्या पाण्याचं उरलेलं नाही असं समजा. म्हणून गाळणं विहिरीशेजारीच उरकायचं. त्याच दिवशी मोजणी होणार नसेल तर गाळलेलं पाणी गोठवून ठेवा.

## मोजणी

नमुना आणि स्टँडर्ड दोन्ही खोलीच्या तापमानाला येऊ द्या. ५० मिलि नमुना कोरड्या फ्लास्कमध्ये घ्या आणि फिनॉल्फ्थॅलीनचा एक थेंब टाका. गुलाबी झालं तर गुलाबी जाईपर्यंत ५ नॉर्मल आम्ल थेंबाथेंबाने घाला. मग मिश्र द्रावण बरोबर ८.० मिलि घालून नीट ढवळा आणि घड्याळ सुरू करा.

शुद्ध पाण्याचा ब्लँक आणि स्टँडर्डही असेच करायचे. कमी फॉस्फेटच्या पाण्यासाठी मी ५ सेंमीची क्युव्हेट वापरतो, त्यात साधारण ०.०१ ते ०.२५ मिग्रॅ/लिटर मोजता येतं. १ सेंमीच्या क्युव्हेटला ०.१५ ते १.३ ही पट्टी बरी पडते. त्या दिवशी ५ सेंमीच्या क्युव्हेटमध्ये ब्लँक वजा केल्यावर ०.०२५, ०.०५०, ०.१००, ०.१५० आणि ०.२०० मिग्रॅ/लिटरच्या स्टँडर्डला ०.०७५, ०.१४९, ०.३००, ०.४५२ आणि ०.५९९ असे अ‍ॅब्सॉर्बन्स आले. म्हणजे दर मिग्रॅ/लिटरला ३.०. हा उतार दिवसागणिक दोन-तीन टक्क्यांहून जास्त हलला तर नमुन्यांकडे वळण्याआधी कारण शोधा. बहुतेक वेळा अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल जुनं झालेलं असतं.

नमुन्याला स्वतःचा रंग किंवा गढूळपणा असेल तर वेगळा ब्लँक लागतो. त्यात नमुना आणि आम्ल-मॉलिब्डेट घाला, पण अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल आणि अँटिमनी वगळून त्यांच्या जागी तेवढंच पाणी घाला. त्याचं वाचन नमुन्याच्या वाचनातून वजा करा.

क्युव्हेटबद्दल एक सांगतो. हा निळा रंग काचेला हळूहळू चिकटतो. दहा-बारा नमुने झाले की शुद्ध पाणी भरून वाचन घ्या. शून्यावर येत नसेल तर क्युव्हेट धुवायची वेळ झाली.

## घड्याळाशी कसं वागायचं

१० ते ३० मिनिटं हा पट्टा फॉस्फेटसाठी ठरवलेला आहे. २०–२५ अंशांना अँटिमनीमुळे १० मिनिटांत रंग पुरा झालेला असतो, म्हणून खालची मर्यादा १०. वरची मर्यादा मात्र फॉस्फेटचा रंग उडतो म्हणून नाही, तो तर टिकतो. जसजसा वेळ जातो तसतशी बाकीची मंडळी रंग द्यायला लागतात, म्हणून ती मर्यादा आहे. हा फरक ज्याच्या लक्षात येत नाही तो ३० मिनिटं ओलांडायला घाबरतो, पण १० आणि ३० यांच्यात हवं तेव्हा वाचन घेतो. माझंही सुरुवातीला असंच चालायचं. एकदा चोवीस फ्लास्कमध्ये एका दमात रसायन घातलं आणि ओळीने वाचत गेलो. पहिला फ्लास्क ११ मिनिटांनी वाचला गेला आणि शेवटचा ४०च्या पुढे. स्टँडर्ड सगळे सुरुवातीला होते, त्यामुळे ते निर्दोष दिसले. ओळीच्या शेवटी असलेल्या विहिरी मात्र अहवालात ‘फॉस्फेट जास्त’ म्हणून गेल्या.

तेव्हापासून मी प्रत्येक फ्लास्कमध्ये एक-एक मिनिटाच्या अंतराने रसायन घालतो आणि त्याच अंतराने, प्रत्येकाचं वाचन बरोबर १५व्या मिनिटाला घेतो. स्टँडर्ड ओळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असतात. एका खेपेत पंधरापेक्षा जास्त फ्लास्क घेत नाही. यात वेळ जास्त जात नाही, पण सगळ्या नमुन्यांना सारखंच वय मिळतं.

खोली गार असेल तर १० मिनिटंही पुरत नाहीत. फ्रीजमधून काढलेला नमुना तसाच घेतला तर रंग वर चढत राहतो आणि आर्सेनेट असल्याचा भास होतो. म्हणून नव्या जागी किंवा ऋतू बदलला की ०.०५० चं स्टँडर्ड एकदा दर दोन मिनिटांनी वाचून बघा. सलग तीन वाचनं सारखी आली की तिथून पुढे तुमचा पट्टा सुरू होतो.

## आर्सेनेट काय करतं

आवर्त सारणीत आर्सेनिक फॉस्फरसच्या बरोबर खाली बसतं, आणि आर्सेनेट आयनाचा आकार आणि आम्लस्वभाव फॉस्फेटसारखाच असतो. तेही मॉलिब्डेनमच्या बारा अणूंमध्ये जाऊन बसतं आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाने निळं होतं. रंग जवळपास त्याच ठिकाणी, जवळपास तितकाच गडद. तरंगलांबी बदलून दोघांना वेगळं काढता येत नाही. अणूला अणू असा हिशेब असल्यामुळे आर्सेनिकचं वजन २.४२ ने भागलं की ते किती फॉस्फरस असल्याचं सोंग आणतं ते कळतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य आर्सेनिकसाठी १० मायक्रोग्रॅम/लिटर आहे. एवढं आर्सेनेट ४ मायक्रोग्रॅम फॉस्फरससारखं दिसतं, सहसा चालून जाईल इतकं. पण १०० मायक्रोग्रॅमला हाच आकडा ४१ होतो आणि कमी फॉस्फेटच्या पाण्यात तो खऱ्या उत्तराला गिळून टाकतो.

फरक एकच, वेगाचा. फॉस्फेट काही मिनिटांत रंग पुरा करतं, आर्सेनेटला खोलीच्या तापमानाला तास-दीड तास लागतो. त्यामुळे १० ते ३० मिनिटांच्या पट्ट्यात आर्सेनेट अर्ध्या वाटेवर असतं, आणि तुमचं वाचन तुम्ही कुठल्या मिनिटाला घेतलं त्यावर अवलंबून राहतं. लवकर वाचून त्यातून सुटका होईल असं वाटतं, पण होत नाही. १० मिनिटांतही त्याचा बराच वाटा आलेला असतो, आणि तो किती हे त्या दिवशीच्या तापमानावर ठरतं. वेगातला हा फरक आर्सेनेट ओळखायला उत्तम आहे, काढून टाकायला नाही.

आर्सेनाइट, म्हणजे +३ अवस्थेतलं आर्सेनिक, या रसायनाशी रंग देत नाही. ऑक्सिजन नसलेल्या भूजलात आर्सेनिक पुष्कळदा याच रूपात असतं. पण बाटलीत हवेच्या संपर्कात राहिलं की ते हळूहळू आर्सेनेट होतं. म्हणून आज आणलेला नमुना आज वाचला तर एक उत्तर आणि आठवड्याने वाचला तर वाढलेलं उत्तर येतं, पाण्यात एक कणही फॉस्फेट न वाढता. हाच बदल आपण उलट्या दिशेने वापरणार आहोत: मॉलिब्डेट घालण्याआधी आर्सेनेटचं क्षपण करून आर्सेनाइट करायचं.

## आधी ओळखा: पाच वाचनांची चाचणी

संशयित नमुना आणि ०.०५० चं स्टँडर्ड शेजारी ठेवून एकाच वेळी रसायन घालायचं आणि दोन तास अधूनमधून वाचत राहायचं. त्या बोअरवेलच्या पाण्याचं हे झालं:

| मिनिटं | स्टँडर्ड ०.०५० | नमुना |
|---|---|---|
| १० | ०.१४९ | ०.१३८ |
| २० | ०.१५० | ०.१७० |
| ३० | ०.१५० | ०.१९२ |
| ६० | ०.१५० | ०.२२४ |
| १२० | ०.१५० | ०.२३८ |

स्टँडर्ड जागचं हललं नाही, म्हणजे तापमान, रसायन आणि यंत्र ठीक आहेत. नमुना चढत राहिला आणि वर गेल्यावर मंदावला. हा आकार आर्सेनेटचा आहे. मोजण्यासारखं काही उरलेलं नसतं तेव्हा चढण थांबते, तशी ती इथे थांबत आली. सिलिकामुळेही वाचन चढू शकतं, विशेषतः आम्ल कमी पडलं असेल तर. गढूळपणा वाढला तरी चढतं. या तिघांना वेगळं करायचं काम पुढची पायरी करते.

## आर्सेनेटचं क्षपण

यासाठी थायोसल्फेट लागतं. पण नुसतं थायोसल्फेट आम्लात घातलं तर ते फुटून गंधक आणि सल्फाइट होतं आणि गंधकाचा दुधट गढूळपणा ८८० नॅनोमीटरवरही वाचन वाढवतो. म्हणून सोबत भरपूर मेटाबायसल्फाइट घालायचं. सल्फाइट आधीच खच्चून भरलेलं असलं की थायोसल्फेटचं फुटणं मागे रेटलं जातं. शिवाय सल्फाइट काही आम्ल स्वतःकडे घेतं, त्यामुळे या मिश्रणातून येणारं जादा आम्ल जवळजवळ फिटतं आणि आपलं ७० चं गुणोत्तर फारसं बिघडत नाही.

क्षपण द्रावण असं करा: १४ टक्के सोडियम मेटाबायसल्फाइट ४० मिलि, १.४ टक्के सोडियम थायोसल्फेट ४० मिलि आणि ३.५ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल २० मिलि. आम्ल शेवटी. यातून सल्फर डायऑक्साइडचा झोंबणारा वायू निघतो, म्हणून हे फ्यूम हूडखालीच करायचं, आणि दमा असलेल्या सहकाऱ्याला या कामाला बसवू नये. मिश्रण त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात वापरा. गढूळ झालं की फेका.

५० मिलि नमुन्यात हे ५.० मिलि घालून ढवळा आणि १५ मिनिटं थांबा. मग नेहमीचं ८.० मिलि मिश्र द्रावण घाला, पुन्हा घड्याळ लावा आणि १५व्या मिनिटाला वाचा. क्रम उलटा झाला तर उपयोग नाही. आर्सेनेट एकदा मॉलिब्डेटच्या पिंजऱ्यात शिरलं की थायोसल्फेट त्याला बाहेर काढू शकत नाही. आणि या फ्लास्कांना ३० मिनिटांपलीकडे ठेवू नका, कारण उशिरा का होईना, गंधक येतंच.

आकारमान आता ५८ नाही, ६३ मिलि झालंय. त्यामुळे रंग तेवढाच पातळ होतो आणि जुना उतार लावला तर उत्तर ८ टक्के कमी येतं. ब्लँक आणि सगळे स्टँडर्ड याच क्षपणातून न्यायचे आणि नवा उतार काढायचा. माझा ३.० चा २.७६ झाला, जो ५८ भागिले ६३ या हिशेबाशी जुळतो. जुळला नसता तर आम्लाचा तोल ढळलाय असं मी समजलो असतो.

क्षपण खरंच पूर्ण होतंय का, हे गृहीत धरू नका. डायसोडियम हायड्रोजन आर्सेनेट हेप्टाहायड्रेट ०.१०४१ ग्रॅम २५० मिलि पाण्यात विरघळवलं की १०० मिग्रॅ/लिटर आर्सेनिक मिळतं. त्यातलं १ मिलि एक लिटर केलं की १०० मायक्रोग्रॅम/लिटर. हे पाणी फॉस्फेटशिवायच क्षपणातून न्या. वाचन ब्लँकच्या दोन-तीन हजारांशांत बसलं पाहिजे. जास्त आलं तर थायोसल्फेट जुनं आहे किंवा १५ मिनिटं तुमच्या खोलीत पुरत नाहीत. वेळ ३० मिनिटं करून पुन्हा बघा. आर्सेनेट तोलताना हातमोजे घाला, तोंडाने पिपेट ओढू नका आणि हे सगळं सांडपाणी सिंकमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत साठवा. अँटिमनीचं सांडपाणीही त्याच बाटलीत.

## त्या नमुन्याचं उत्तर

आर्सेनेटचं कोरं पाणी ०.००३ वर आलं, म्हणजे क्षपण पूर्ण. नमुना १५व्या मिनिटाला ०.०८३ आणि २५व्या मिनिटालाही ०.०८३. चढण गेली. आर्सेनेट निघून गेल्यावर चढणही गेली, म्हणून ती सिलिकाची किंवा गढूळपणाची नव्हती. क्षपणानंतरही वाचन चढत राहिलं असतं तर मी आधी आम्लाचं माप तपासलं असतं आणि मग फ्लास्क उजेडासमोर धरून दुधटपणा पाहिला असता.

हिशेब असा:

```
क्षपणानंतर: 0.083 / 2.76 = 0.030 mg/L P
स्पाइक (0.050 घातले): (0.216 - 0.083) / 0.138 = 0.96
क्षपणाशिवाय, 120 मिनिटे: 0.238 / 3.00 = 0.079 mg/L P
फरक: 0.079 - 0.030 = 0.049; 0.049 x 2.42 = 0.12 mg/L As
```

स्पाइकची दुसरी ओळ मी कधीच वगळत नाही. नमुन्यात ०.०५० मिग्रॅ/लिटर इतकं फॉस्फेट मुद्दाम घातलं तर वाचन ०.१३८ ने वाढायला हवं. ९६ टक्के परत मिळालं, म्हणजे या पाण्यात रंग दाबणारं काही नाही. नायट्राइट आणि क्रोमियम +६ हे दोघं रंग दाबतात, १० मिग्रॅ/लिटरला उत्तर १० ते १५ टक्क्यांनी खाली येतं. तसं असतं तर ते इथे उघडं पडलं असतं.

शेवटच्या ओळीतला १२० मायक्रोग्रॅम आर्सेनेटचा अंदाज निव्वळ अंदाज आहे. दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून आलेला, आणि त्यात आर्सेनाइट धरलेलं नाही. पण तो मार्गदर्शक मूल्याच्या बारापट असल्यामुळे तो नमुना आर्सेनिकच्या स्वतंत्र तपासणीला त्याच दिवशी पाठवला. फॉस्फेट मोजायला बसलेल्या माणसाला हा आकडा फुकटात मिळतो आणि तो वहीतच पडून राहता कामा नये, कारण ते पाणी कुणीतरी पीत असतं.

## एकूण फॉस्फरस करताना

परसल्फेट घालून उकळण्याची पद्धत वापरत असाल तर वर सांगितलेली आर्सेनाइटची सूट संपते. परसल्फेट सगळ्या आर्सेनिकचं ऑक्सिडीकरण करून आर्सेनेट बनवतं, त्यामुळे ज्या पाण्यात थेट मोजणीत काहीच चढण दिसली नव्हती त्यातही एकूण फॉस्फरस फुगून येतं. विरघळलेलं फॉस्फेट कमी आणि एकूण मात्र बरंच जास्त असं दिसलं की पहिला निष्कर्ष ‘सेंद्रिय फॉस्फरस आहे’ असा निघतो. आर्सेनिक असलेल्या भागात तो निष्कर्ष क्षपणाची चाचणी केल्याशिवाय काढू नका. उकळल्यानंतर द्रावण गार करून, फिनॉल्फ्थॅलीनवर आम्ल-अल्कलीचा तोल साधून मगच क्षपण द्रावण घाला. उरलेलं परसल्फेट थायोसल्फेटला खाऊन टाकतं, म्हणून इथे आर्सेनेटचं कोरं पाणीही उकळण्यापासून शेवटपर्यंत सगळ्या पायऱ्यांतून न्यावं लागतं.

थेट मोजणीसाठी गरम क्षपण टाळा. सोडियम बायसल्फाइट घालून ९५ अंशांच्या जलकुंडात अर्धा तास ठेवण्याची एक पद्धत आहे आणि ती आर्सेनेट चांगलं काढते, पण आम्लात इतकं तापवलं की साखळीतले पॉलिफॉस्फेट तुटून ऑर्थोफॉस्फेट होऊ लागतात. ती एकूण फॉस्फरससाठी ठीक आहे, विरघळलेल्या ऑर्थोफॉस्फेटसाठी नाही.

अहवालात मी आता फॉस्फरसच्या आकड्याशेजारी तीन गोष्टी लिहितो: वाचन कितव्या मिनिटाला घेतलं, खोलीचं तापमान किती होतं, आणि आर्सेनेटचं क्षपण केलं होतं की नाही. त्या बोअरवेलच्या जुन्या अहवालांमध्ये यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे आधीच्या वर्षांचे आकडे आजच्या ०.०३० शी लावून बघण्याचा प्रयत्न आम्ही केला नाही.